परावर्तन आणि अपवर्तन: एकाच अटीतून निघणारे दोन नियम

प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, आणि हवेतून पाण्यात शिरताना तो स्तंभिकेकडे झुकतो. शाळेच्या पुस्तकात हे दोन नियम शेजारीशेजारी राहतात, पण एकमेकांचे कुणी लागत नसल्यासारखे. पहिल्यात दोन कोन सारखे असतात. दुसऱ्यात, म्हणजे स्नेलच्या नियमात, कोनांच्या sin चे गुणोत्तर ठरलेले असते: n1 sin θ1 = n2 sin θ2. इथे n म्हणजे माध्यमाचा अपवर्तनांक आणि θ म्हणजे किरणाने स्तंभिकेशी केलेला कोन. काचेची चीप, चार टाचण्या आणि कोनमापक घेऊन हे पडताळता येते, आणि बहुतेकांची या नियमांशी ओळख तिथेच थांबते. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे हे एकदा धरले की दोन्हींसाठी वेगळी कारणे शोधावी लागत नाहीत. दोन माध्यमांच्या सीमेवर विद्युतक्षेत्राचा पृष्ठाला समांतर असलेला घटक, म्हणजे स्पर्शी घटक, दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे. एवढ्या एका अटीतून दोन्ही नियम बाहेर पडतात.

पृष्ठाच्या दिशेने काहीतरी जसेच्या तसे टिकते, हा विचार तसा जुना आहे. अपवर्तनाचा बरोबर नियम इब्न साहल याच्या इ. स. ९८४ च्या सुमाराच्या लिखाणात सापडतो. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटला तो १६०२ च्या सुमारास आणि हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात शिकवणाऱ्या विलेब्रॉर्ड स्नेलला १६२१ मध्ये गवसला. दोघांनीही तो छापला नाही. छापून आणला तो रेने देकार्तने, १६३७ मध्ये, आणि सोबत त्याचे कारणही दिले. देकार्तने चेंडूचे उदाहरण घेतले. चेंडू तिरका येऊन पृष्ठ भेदतो तेव्हा पृष्ठाला लंब दिशेतला त्याचा वेग बदलतो, समांतर दिशेतला तसाच राहतो. या युक्तिवादातून sin चे ठरावीक गुणोत्तर मिळते खरे, पण त्याबरोबर एक पाहुणाही येतो: किरण पाण्यात स्तंभिकेकडे झुकायचा असेल तर प्रकाशाचा वेग पाण्यात हवेपेक्षा जास्त असावा लागतो. १८५० मध्ये लेऑन फुकोने फिरत्या आरशाच्या साहाय्याने दाखवले की प्रकाश पाण्यात मंदावतो. देकार्तचे सूत्र बरोबर होते, कारण चुकीचे होते. तरी पृष्ठाला समांतर काहीतरी टिकते ही त्याची जाण खरी होती. टिकणारी गोष्ट मात्र वेग नव्हती.

ती कोणती, हे कळायला मॅक्सवेलची समीकरणे यावी लागली. मॅक्सवेलने १८६५ मध्ये प्रकाश विद्युतचुंबकीय असल्याचा सिद्धांत मांडला. त्यातून परावर्तन आणि अपवर्तन व्यवस्थित सोडवून दाखवण्याचे काम हेंड्रिक लोरेंट्सने १८७५ मध्ये पीएच.डी.च्या प्रबंधात केले, आणि तेही लायडनमध्येच, स्नेलच्या विद्यापीठात.

आता ती अट. विद्युतक्षेत्राचा स्पर्शी घटक सीमेवर अखंड का राहतो, याचे उत्तर फॅरडेच्या नियमात आहे. एखाद्या बंद वाटेने फिरत विद्युतक्षेत्राचा वाटेच्या दिशेतला घटक बेरजेत घेत गेले, तर एका फेरीची बेरीज त्या वाटेने वेढलेला चुंबकीय प्रवाह ज्या दराने बदलतो त्याएवढी भरते. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर एक अरुंद आयत कल्पावा. त्याची एक लांब बाजू हवेत, पृष्ठाला अगदी लागून. दुसरी लांब बाजू पाण्यात, तशीच लागून. दोन आखूड बाजू पृष्ठ ओलांडणाऱ्या. हा आयत हळूहळू चपटा करत न्यायचा. आखूड बाजू नाहीशा होतात, त्यांचा बेरजेतला वाटा संपतो. आयताचे क्षेत्रफळही शून्याकडे जाते, त्यामुळे त्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह आणि त्याचा बदलही शून्य होतो. उरतात फक्त दोन लांब बाजू, एक जाताना आणि एक येताना. त्यांची बेरीज शून्य व्हायची तर हवेतला स्पर्शी घटक आणि पाण्यातला स्पर्शी घटक तंतोतंत सारखे हवेत. असाच आयत चुंबकीय क्षेत्रासाठी घेतला, आणि पृष्ठावरून वीजप्रवाह वाहत नसेल, तर चुंबकीय क्षेत्राच्या स्पर्शी घटकालाही हीच अट लागू पडते.

खरी सीमा गणितातल्या रेषेसारखी धारदार नसते. पाण्याचे पृष्ठ रेणूंच्या एकदोन थरांत बदलते, म्हणजे साधारण नॅनोमीटरच्या आतबाहेर. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी काहीशे नॅनोमीटर असते. आयत चपटा करण्याची कल्पना चालते ती या दोन लांब्यांमध्ये शेकडोपटींचा फरक आहे म्हणून.

पुढचा हिशोब सोपा व्हावा यासाठी सपाट पृष्ठ z = 0 या प्रतलात धरावे. x ही पृष्ठावरची दिशा, z ही पृष्ठाला लंब. एका रंगाची, सरळ जाणारी लाट अशी लिहितात:

E = A cos(kx·x + kz·z − ωt)

A हा आयाम, म्हणजे लाटेची उंची. ω सांगतो की लाट एका जागी किती वेगाने वरखाली होते. तो वारंवारतेच्या 2π पट असतो. kx आणि kz हे लाटेच्या तरंगसदिशाचे घटक आहेत. नाव भारदस्त असले तरी त्यांचा अर्थ साधा आहे: त्या त्या दिशेने एक मीटर गेल्यावर लाटेचे किती फेरे होतात, त्याच्या 2π पट. लाट दाट तर k मोठा, विरळ तर k लहान. पूर्ण तरंगसदिशाची लांबी k असेल आणि लाट स्तंभिकेशी θ कोन करत असेल, तर पृष्ठाच्या दिशेतला घटक kx = k sin θ. हे एक सूत्र शेवटपर्यंत कामी येणार आहे.

सीमेवर तीन लाटा भेटतात. एक येणारी, एक परतणारी, एक पलीकडे शिरणारी. हवेत पहिल्या दोन असतात, पाण्यात फक्त तिसरी. म्हणून स्पर्शी घटक सारखे असण्याची अट z = 0 वर अशी होते:

A cos(kx·x − ωt) + B cos(kx'·x − ω't) = C cos(kx''·x − ω''t)

एक टीप मारलेले k आणि ω परतणाऱ्या लाटेचे, दोन टिपांचे शिरणाऱ्या लाटेचे. विद्युतक्षेत्र पृष्ठाला समांतर थरथरत असेल तर A, B, C हे सरळ त्या त्या लाटेचे आयाम. ते तिरके असेल तर आयामांना कोनांचे काही गुणक लागतात. पण कंसातल्या गोष्टींना त्याने धक्का लागत नाही, आणि इथून पुढचा सगळा खेळ कंसातल्या गोष्टींचाच आहे.

हे समीकरण एखाद्या क्षणी, एखाद्या ठिकाणी खरे ठरून भागत नाही. ते पृष्ठावरच्या प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक क्षणी खरे हवे. अटीचा सगळा जोर या ‘प्रत्येक’मध्ये आहे.

आधी एकच बिंदू घ्यावा, x = 0, आणि वेळ जाऊ द्यावी. डाव्या बाजूला दोन लाटांची बेरीज आहे. त्यांची वारंवारता वेगवेगळी असेल तर कधी त्या एकमेकींना जोर देतील, कधी मारून टाकतील. किंचित वेगळ्या सुरांत लावलेल्या दोन तारा एकत्र छेडल्या की आवाज चढतो आणि उतरतो, तसेच. उजवीकडची लाट मात्र एकाच उंचीने अखंड थरथरते. चढउतार होणारी बेरीज आणि न बदलणारी लाट कायम सारख्या राहू शकत नाहीत. उजवीकडची वारंवारता वेगळी असली तरी दोन्ही बाजूंची गाठ क्षणभर पडेल आणि लगेच सुटेल. मार्ग एकच उरतो: तिन्हींचा ω एकच. पाण्यात शिरल्याने प्रकाशाची वारंवारता बदलत नाही, हे विधान पाठ्यपुस्तकात बरेचदा कारण न देता येते. त्याचे कारण हे आहे.

आता घड्याळ थांबवावे आणि एका गोठलेल्या क्षणी पृष्ठावरून चालत जावे. युक्तिवाद शब्दशः तोच, फक्त t च्या जागी x. तिन्ही लाटांचे पृष्ठावरचे फेरे एकाच दराने पडले नाहीत, तर इथे जुळलेली बाजू चार पावलांवर निसटेल. म्हणून

kx = kx' = kx''

हीच ती टिकणारी गोष्ट. देकार्तने वेगाचा स्पर्शी घटक टिकवला; प्रत्यक्षात टिकतो तो तरंगसदिशाचा स्पर्शी घटक. वेग मंदावतो तिथे लाटा दाटतात, k वाढतो. त्यामुळे देकार्तच्या हिशोबात वेगाचे जे गुणोत्तर उलटे पडले होते, ते इथे सुलटे होते.

पृष्ठावर x ला लंब अशी आणखी एक दिशा आहे, y. येणाऱ्या लाटेचा त्या दिशेतला घटक शून्य धरला आहे, म्हणून बाकी दोघींचाही शून्यच. याचा अर्थ येणारा किरण, परतणारा किरण, शिरणारा किरण आणि स्तंभिका ही सारी एकाच प्रतलात असतात. दोन्ही नियमांच्या शेवटी हे वाक्य शेपटासारखे लावलेले असते आणि परीक्षेत ते विसरले की अर्धा गुण जातो. त्याचा उगमही बाकी सगळ्याच्या उगमापाशीच आहे.

आता माध्यम बोलते. वारंवारता ठरली की एखाद्या माध्यमात k ची लांबीही ठरते: k = nω/c, c हा निर्वातातला प्रकाशाचा वेग. परतणारी लाट येणारीच्याच माध्यमात आहे, वारंवारता तीच, म्हणून k ची लांबीही तीच. k sin θ = k sin θ', म्हणजे sin θ = sin θ', म्हणजे कोन सारखे. परावर्तनाचा नियम एवढ्यात संपला. धातूच्या आरशात आत जाणारी लाट जवळजवळ नसते, C शून्याच्या घरात असतो. तिथे येणारी आणि परतणारी लाट यांनी पृष्ठावर एकमेकींना पुसून टाकायचे असते, आणि त्यासाठीही दोघींचा kx एकच लागतो.

शिरणाऱ्या लाटेचा k वेगळा आहे. n1(ω/c) sin θ1 = n2(ω/c) sin θ2. ω आणि c दोन्हीकडे आहेत, ते काढून टाकले की उरतो तो स्नेलचा नियम.

आकड्यांत हे जास्त स्पष्ट दिसते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश घ्यावा, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. तो शांत पाण्यावर ४५ अंशांनी पडतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३. लाटेचे माथे हवेत एकमेकांपासून ५८९ नॅनोमीटर अंतरावर आहेत, पण ते पृष्ठावर तिरके येत असल्याने पृष्ठाला छेदतात ते जास्त अंतराने: ५८९ भागिले sin ४५°, म्हणजे ८३३ नॅनोमीटर. वारंवारता तीच आणि वेग कमी, म्हणून पाण्यात माथे दाटतात. ५८९ भागिले १.३३३, सुमारे ४४२ नॅनोमीटर. आता शिंप्यापुढे असतो तसा प्रश्न उभा राहतो. दोन पट्टेदार कापडे जोडायची आहेत, एकाचे पट्टे रुंद, दुसऱ्याचे अरुंद, आणि शिवणीवर पट्ट्याला पट्टा भिडला पाहिजे. दुसरे कापड तिरके धरल्याशिवाय ते जमत नाही, आणि किती तिरके धरायचे हे पट्ट्यांच्या रुंदीवरून ठरते. ४४२ नॅनोमीटरची लाट पृष्ठाला ८३३ नॅनोमीटरवर छेदायची असेल तर sin θ2 = ४४२/८३३ = ०.५३१, म्हणून θ2 सुमारे ३२ अंश. स्नेलचे सूत्र थेट वापरूनही हेच उत्तर येते, कारण सूत्र म्हणजे हीच जुळणी आहे.

परतणाऱ्या लाटेलाही ८३३ चाच हिशोब पाळायचा आहे, पण तिची तरंगलांबी ५८९ आहे. अशा लाटेला येणाऱ्या किरणाच्या प्रतलात पृष्ठावर त्याच बाजूला सरकत जाण्याच्या दोनच दिशा शक्य आहेत: एक खाली जाणारी, ती तर आलेली लाटच, दुसरी तिचे वरचे प्रतिबिंब. तिसरा पर्याय नाही.

याच उदाहरणात एक गंमत दडली आहे. पृष्ठावरचा माथ्याचा छेद किती वेगाने सरकतो? वारंवारता सेकंदाला ५.०९ × १०¹⁴, अंतर ८३३ नॅनोमीटर. गुणाकार येतो सेकंदाला सुमारे ४ लाख २४ हजार किलोमीटर. निर्वातातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त. यात सापेक्षतेचा भंग नाही. या छेदाबरोबर ना ऊर्जा जाते ना निरोप. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी पोचणाऱ्या माथ्यांचा तो नुसता क्रम आहे.

आतापर्यंतच्या युक्तिवादात A, B आणि C यांच्या किमती कुठेही लागल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विद्युतक्षेत्राऐवजी चुंबकीय क्षेत्र घेतले असते तरी कोन तेच निघाले असते. ध्वनिलाटांसाठी सीमेवर हवेचा दाब अखंड राहतो. तिथेही याच पायऱ्यांनी ध्वनीचा स्नेल नियम मिळतो. दिशा ठरवायला सीमेवर काहीतरी सगळीकडे, सदैव जुळायला हवे एवढेच पुरते. नेमके काय जुळते याला महत्त्व येते ते किती प्रकाश परततो आणि किती शिरतो हे विचारल्यावर. परतणारी लाट मुळात लागतेच कशाला, हेही तेव्हाच कळते.

प्रकाश पाण्यावर सरळ उभा पडतो असे धरावे. विद्युतक्षेत्राची अट म्हणते A + B = C. चुंबकीय क्षेत्र अपवर्तनांकाच्या पटीत असते आणि परतणाऱ्या लाटेत त्याची दिशा उलटते, म्हणून दुसरी अट होते n1(A − B) = n2C. परतणारी लाट नाहीच असे म्हणून B शून्य ठेवले, तर पहिली अट A आणि C सारखे सांगते आणि दुसरी सांगते की ते सारखे नाहीत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर B हवाच. दोन समीकरणे सोडवली की B/A = (n1 − n2)/(n1 + n2), पाण्यासाठी सुमारे −०.१४३. ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे २ टक्के प्रकाश पाण्यावरून परततो. विहिरीत डोकावल्यावर स्वतःचा चेहरा फिकट दिसतो तो या २ टक्क्यांचा.

आता किरण उलट्या बाजूने आणावा, पाण्यातून हवेत, आणि आपतन कोन ६० अंश घ्यावा. स्नेलचा नियम सांगतो sin θ2 = १.३३३ × ०.८६६ = १.१५. कोणत्याही कोनाचा sin १ पेक्षा मोठा नसतो, म्हणून पुस्तक म्हणते की इथे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि पुढच्या पानावर जाते. पाण्यासाठी ही वेळ ४८.६ अंशांच्या पुढे येते. पण सीमेवरची अट ४८.६ अंशांनंतर सुट्टीवर जात नाही. पाण्यात पृष्ठाशी क्षेत्र आहे, त्याचा स्पर्शी घटक शून्य नाही, तर हवेतही पृष्ठाशी तेवढेच क्षेत्र असायला हवे. पूर्ण परावर्तनातही हवेची बाजू रिकामी राहू शकत नाही.

मग तिथे काय असते? शिवणीवर पट्टे जुळलेच पाहिजेत, kx पाण्याने ठरवून दिला आहे, आणि तो हवेतल्या पूर्ण k च्या १.१५ पट आहे. हवेतल्या लाटेसाठी kx² + kz² = k² ही अट असते. kx² एकटाच k² पेक्षा मोठा, म्हणून kz² ऋण. वर्गमूळ काल्पनिक येते, आणि काल्पनिक kz असलेली लाट z च्या दिशेने थरथरत पुढे जात नाही. ती पृष्ठापासून दूर जाताना विरत जाते. सोडियमच्या प्रकाशासाठी हिशोब केला तर सुमारे १६० नॅनोमीटरवर तिचा आयाम मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. एका तरंगलांबीइतके वर गेल्यावर जेमतेम ३ टक्के उरतात. ही लाट पृष्ठाला चिकटून x च्या दिशेने सरकते आणि सरासरीने ऊर्जा वर नेत नाही. म्हणून परावर्तन पूर्ण असते.

तिचे अस्तित्व पडताळायला तिच्या आवाक्यात दुसरे माध्यम आणावे लागते. काचेच्या दोन लोलकांमध्ये अगदी पातळ हवेची फट ठेवली, तर विरत जाणारी लाट संपायच्या आत दुसऱ्या काचेला पोचते. तिथे k पुन्हा मोठा असल्याने ती परत साधी लाट होऊन पुढे निघते, आणि परावर्तन पूर्ण राहत नाही. दिसणाऱ्या प्रकाशासाठी अशी फट तरंगलांबीहून लहान, म्हणजे काहीशे नॅनोमीटरची राखावी लागते, आणि ते अवघड काम आहे. कोलकात्यात जगदीशचंद्र बसू यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यातून सुंदर वाट काढली. त्यांनी तरंगलांबीच वाढवली. त्यांच्या विद्युतलाटा सेंटिमीटरच्या घरातल्या होत्या, त्यामुळे दोन लोलकांमधली फट मिलिमीटरांत मोजत हळूहळू वाढवता आली आणि पलीकडे येणारी लाट कशी कमी होत जाते ते पाहता आले.

या सगळ्या सिद्धतेच्या पोटात एक गृहीतक आहे, आणि ते मोडले की नियमही मोडतात. पृष्ठ x च्या दिशेने सगळीकडे सारखे आहे असे धरले होते. म्हणूनच समीकरणात A, B, C हे आकडे x नुसार बदलले नाहीत आणि kx सारखे ठेवणे भाग पडले. पृष्ठ खडबडीत असेल तर प्रत्येक ठिकाणी जुळणी वेगळी होते आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. भिंतीत चेहरा दिसत नाही तो यामुळे. पृष्ठ नियमित अंतराने खाचलेले असेल तर मधली स्थिती येते. खाचांमधले अंतर d असेल, तर अट दर d अंतराने स्वतःची पुनरावृत्ती करते, आणि परतणाऱ्या लाटेला kx मध्ये 2π/d च्या पूर्ण पटी मिळवायची किंवा वजा करायची मुभा मिळते. एका किरणाऐवजी अनेक किरण निघतात. त्यातला शून्य पटीचा किरण साध्या परावर्तनाचा नियम पाळतो, बाकीचे पाळत नाहीत.

जुन्या सीडीवर हे घरी तपासता येते. सीडीवरच्या मार्गिकांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझर पॉइंटरचा किरण चकतीवर सरळ पाडावा आणि डोळ्यांत प्रकाश जाणार नाही अशा बेताने कागद धरून परतणारे ठिपके शोधावेत. एक ठिपका आल्या वाटेने परततो. मार्गिकांना आडव्या दिशेने, दोन्ही अंगांना, पहिला ठिपका जिथे पडायला हवा तिथे sin θ = ०.६५/१.६ = ०.४०६, म्हणजे २४ अंशांवर. दुसऱ्यासाठी ही संख्या दुप्पट, ०.८१२, आणि कोन ५४ अंश. तिसऱ्यासाठी ती १.२२ होते, आणि तो ठिपका कितीही शोधला तरी सापडत नाही.

या हिशोबात सीडीच्या प्लॅस्टिकचा अपवर्तनांक कुठेच आला नाही, हे खटकू शकते. खाचा तर पॉलिकार्बोनेटच्या सुमारे १.२ मिलिमीटर जाड थराखाली असतात आणि त्या प्लॅस्टिकचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास असतो. पण प्लॅस्टिकचे वरचे पृष्ठ सपाट आहे. त्यावरून जाताना kx बदलत नाही, मग अधेमधे कोणतेही माध्यम असो. बाहेरचा कोन kx आणि हवा या दोघांवरच ठरतो. प्लॅस्टिकला महत्त्व येते ते तिसऱ्या ठिपक्याच्या बाबतीत. प्लॅस्टिकच्या आत त्याचा sin १.२२ भागिले १.५८, म्हणजे ०.७७ भरतो, तेव्हा आत हा किरण सुमारे ५० अंशांवर खराखुरा निघतो. वरच्या पृष्ठाशी पोचल्यावर मात्र हवेत त्याच्या kx ला जागा नसते. पॉलिकार्बोनेटचा क्रांतिक कोन सुमारे ३९ अंश आहे, त्यामुळे किरण तिथून पूर्ण परावर्तित होऊन पुन्हा खाचांकडे वळतो, आणि हवेच्या बाजूला त्याची पृष्ठालगत विरणारी लाट तेवढी उरते.